पंधरा जोड आणि ‘फक्त 2 शिल्लक’ची पाटी

“माल कितीही असू दे, ‘फक्त 2 जोड शिल्लक’ कायम लिहून ठेवा. गिऱ्हाईक विचार करत बसत नाही, लगेच घेतं. सगळेच असं करतात, कायदा काही आडवा येत नाही.” – कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्यांत फिरणारा सल्ला

लगेच घेतं, पण पहिल्या खेपेला. जोड पायाला बसला की तोच माणूस सहा महिन्यांनी भावासाठी बघायला येतो आणि पाटी तशीच दिसते. खोटं पकडणंही सोपं आहे. त्या जोडाचे पाच नग कार्टमध्ये टाकून बघायचे. गेले तर आकड्यात काही अर्थ नाही. ऑफर संपायला किती वेळ उरला हे दाखवणारं, उलटं पळणारं घड्याळ दुसऱ्या फोनवर पहिल्यापासून सुरू झालं, की तेही खोटं हे कळलं. पुण्यात बसलेल्याला कातडं हातात घेऊन बघता येत नाही, ‘अस्सल चामडं, हातशिलाई’ हे तो आपल्या शब्दावरच मानतो. तो शब्द दोन जोडांसाठी कशाला घालवायचा?

कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये फसव्या मांडणीचे 13 प्रकार जाहीर केले. खोटी घाई त्यात पहिलीच आहे, आणि उदाहरणही ‘फक्त 2 खोल्या शिल्लक’ या धर्तीचंच. ते नियम विक्रेत्यांनाही लागू आहेत. सगळेच करतात, हा बचाव तिथं चालायचा नाही.

मुळात आपल्या धंद्यात टंचाई खरीच असते, फक्त ती नंबरात असते. समजा, कापशी डिझाइनचे 15 जोड आहेत: 7 नंबरचे 8, 8 नंबरचे 5, 9 नंबरचे 2. त्यातला 9 चा एक कुणीतरी फोनवर सांगून बाजूला ठेवायला लावलाय. मग लिहायचं, “9 नंबर: 1 जोड. 7 आणि 8 मिळतील.” डिझाइनवरच ‘फक्त 1’ लिहिलं, तर 7 नंबरवाल्याला उगाच पळवल्यासारखं होतं.

दुसरा जोड कधी येणार, हेही त्याच ओळीत हवं. कारागीर तीन आठवड्यांत देणार असेल तर तसं लिहा. ते दडवलं तर खरा आकडासुद्धा अर्धवटच. पावसाळ्यात कातडं लवकर वाळत नाही, तेव्हा उशिराचं कारण सांगायला लाजू नये. हे वाचून काही जण थांबतील आणि त्या दिवशीची विक्री जाईल, हे मान्य. पण घाईत चुकीचा नंबर घेऊन परत पाठवणाराही तोच असतो, आणि कुरिअरचा खर्च बहुतेक वेळा आपल्याच अंगावर येतो.

गल्ल्यावर आणि फोनवर एकच माल विकत असाल तर आकडा दिवसभर खरा राहत नाही. सकाळी मोजून टाकलेला 3 दुपारी 1 होतो. रोज दोनदा मोजणं जमत नसेल तर आकडा न देता “थोडेच जोड, विचारून घ्या” एवढंच लिहा, तेही पाचाच्या खाली आल्यावर. नवा माल आला की ती ओळ त्याच दिवशी काढा. ‘शेवटचा लॉट’ मात्र तो नमुना पुन्हा करणारच नसाल तरच.