ही रक्कम शिक्षण शुल्क की विकास शुल्क?

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या लेखा विभागात काम करतो. दर जानेवारीत कामगारांकडून करवजावटीच्या दाव्यांचा नमुना आणि त्यासोबतच्या पावत्या गोळा करणे हे माझे काम असल्यामुळे मुलांच्या शाळेच्या शेकडो पावत्या माझ्या हातून जातात. इतरांच्या पावत्या तपासणारा मी, स्वतःच्या मुलीची पावती मात्र अनेक वर्षे न वाचताच जोडत होतो, आणि याची मला खंत आहे.

जून २०२४ मध्ये भरलेल्या शुल्काच्या त्या पावतीवर एकच ओळ होती: "वार्षिक शुल्क, रु. ४८,५००". त्या वर्षी लागू असलेल्या आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०सी नुसार वजावट मिळायची ती शिक्षण शुल्काची, म्हणजे आपण ज्याला ट्यूशन फी म्हणतो त्याची. विकास शुल्क, देणगी आणि तशाच स्वरूपाची इतर रक्कम कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे, मग ती प्रवेशाच्या वेळी घेतलेली असो वा नंतर. "वार्षिक शुल्क" या शब्दांवरून यातले काहीच ठरत नाही, आणि कारखान्याचा लेखापालही ते अंदाजाने ठरवू शकत नाही. ते फक्त शाळाच सांगू शकते.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मी मुख्याध्यापिकाबाईंना पत्र लिहिले आणि शाळेच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. पत्राचा मजकूर एवढाच होता:

"मा. मुख्याध्यापिका यांस, स. न. वि. वि. माझी मुलगी इयत्ता सातवीत शिकत आहे. तिच्या शुल्कापोटी जून २०२४ मध्ये भरलेल्या रु. ४८,५०० ची पावती सोबत जोडली आहे. या रकमेत शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती आणि इतर शीर्षांखाली किती, याचा शीर्षनिहाय तपशील शाळेच्या नोंदीप्रमाणे लेखी मिळावा, ही विनंती. आयकर वजावटीसाठी तो आवश्यक आहे. कळावे."

या मजकुरातील "शाळेच्या नोंदीप्रमाणे" हे शब्द मी मुद्दाम घातले. माझ्या विभागातील एका सहकाऱ्यांनी त्यांच्या मुलाच्या शाळेकडे "संपूर्ण रक्कम शिक्षण शुल्क असल्याचा दाखला द्यावा" अशी मागणी केली होती. ही मागणी मला सर्वस्वी अयोग्य वाटते. शाळेने विकास शुल्क म्हणून घेतलेली रक्कम तिच्या हिशेबात वेगळी दिसते, आणि दाखल्यावर नाव बदलल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. उद्या चौकशी झाली, तर तो दाखला पालकाला वाचवणार नाही, उलट सही करणाऱ्या मुख्याध्यापकांनाही अडचणीत आणील.

कार्यालयातील लिपिकांनी सुरुवातीला "असा तपशील कोणी मागत नाही" असे सांगितले. मी नम्रपणे म्हणालो, "महाराष्ट्र शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन अधिनियम, २०११ प्रमाणे विनाअनुदानित शाळेला शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. त्या वेळची फोड आपल्याकडे असेलच, तीच हवी आहे." शुल्क जास्त का, हा माझा प्रश्न नव्हता. तो प्रश्न समितीपुढे मांडायचा असतो, आणि या पत्रात तो मिसळला असता तर दोन्ही उत्तरे लांबली असती, असे माझे मत आहे.

नवव्या दिवशी शिक्क्यानिशी उत्तर आले: शिक्षण शुल्क ३४,०००, सत्र शुल्क ५,०००, विकास शुल्क ६,५००, संगणक व उपक्रम ३,०००. माझा भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विमा हप्ता मिळून ९८,००० होत होते, म्हणजे त्याच कलमाच्या एकूण दीड लाखाच्या मर्यादेत पूर्ण ४८,५०० सहज बसले असते, आणि नेमका हाच मोह मी आजवर टाळला नव्हता. सत्र शुल्क आणि संगणक शुल्क हे स्वतंत्र शीर्ष असल्याने तेही मी धरले नाहीत. फक्त ३४,००० दाखवले. वगळलेल्या १४,५०० वर २० टक्के दराने आणि ४ टक्के उपकरासह ३,०१६ रुपये कर जास्त बसला, आणि तो मी भरला.

ज्यांची दीड लाखाची मर्यादा निधी आणि विम्यानेच भरून जाते, त्यांना करासाठी असे पत्र लिहिण्याची गरज नाही. ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे, त्यांना तर ही वजावट मिळतच नाही. मात्र जुन्या प्रणालीत असणाऱ्या आणि मर्यादेत जागा असणाऱ्या पालकांनी पत्र जानेवारीपर्यंत थांबवू नये, शुल्क भरल्याच्या आठवड्यातच द्यावे. वजावट ज्या आर्थिक वर्षात रक्कम भरली त्याच वर्षी मिळते, आणि मार्चच्या तोंडावर शाळेचे कार्यालय परीक्षांच्या कामात असते.

यंदा मी पत्र जूनमध्येच दिले. पावतीवर आता चार ओळी छापून येतात.