सगळं एकाच वहीत लिहिलं तर काय बिघडतं?

"विक्री पुस्तक, खरेदी पुस्तक, परत पुस्तकं हा इंग्रजी कॉमर्सचा पसारा आहे. एकच रोजकीर्द ठेवा, तारखेवार सगळं लिहा. किती का वह्या करा, खतावताना प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत टाकावाच लागतो. विक्री पुस्तकात तर एकच बाजू लिहितात, म्हणजे दुहेरी नोंद मोडलीच. माल परत आला की विक्रीतून वजा करा, विषय संपला. आणि आता टॅली आहे, पुस्तकं हवीत कुणाला?"
(जळगाव-धुळ्याकडच्या दुकानदारांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

इंग्रजांचा मुद्दा आधी हातावेगळा करू, तो सगळ्यात हलका आहे. 1494 साली लुका पाचोली यांनी व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची पद्धत छापून प्रसिद्ध केली. तिच्यात कच्ची टिपणवही, एक रोजकीर्द आणि एक खतावणी एवढंच होतं. म्हणजे एकाच रोजकीर्दीचा हट्ट धरायचा तर तो व्हेनिसचा. आपल्याकडच्या मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या देशी नाम्यात रोकड बही वेगळी, उधार खरेदीची जमा नकल वेगळी आणि उधार विक्रीची नाम नकल वेगळी असायची. जास्त वह्या ठेवणारे आपणच.

आता खरं भांडण खतावणीचं, म्हणजे वहीतली नोंद ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवण्याचं. त्यासाठी अमळनेरमधलं शेती-पाईपचं एक दुकान घेऊ. हे दुकान आसपासच्या तालुक्यांतल्या छोट्या दुकानदारांना उधारीवर माल देतं. 63 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा छापील भाव 600 रुपये नग, त्यावर दुकानदारांना 10 टक्के व्यापारी सूट. हिशेब सोपा राहावा म्हणून जीएसटी बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात विक्री पुस्तकात त्याचा वेगळा रकाना असतो आणि त्याची मासिक बेरीज कराच्या खात्यात जाते.

जूनमध्ये तीन उधार विक्र्या झाल्या. 4 तारखेला चोपड्याच्या दुकानाला 40 पाईप, सूट जाऊन 21,600 रुपये. 9 तारखेला धरणगावला 25 पाईप, 13,500 रुपये. 17 तारखेला पारोळ्याला 30 पाईप, 16,200 रुपये. विक्री पुस्तकात प्रत्येकाची एक ओळ: तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, बीजक क्रमांक, खाते पान, रक्कम. सूट आतल्या रकान्यात वजा करून दाखवतात, बाहेरच्या रकान्यात निव्वळ रक्कम येते. व्यापारी सुटीचं खातं कुठेच उघडत नाहीत. ती सूट भावातच मुरलेली असते.

खतावणी अशी होते. 4 तारखेची ओळ लिहिली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, चोपड्याच्या खात्यात 21,600 नावे टाकायचे आणि त्या खात्याचा पान क्रमांक विक्री पुस्तकाच्या खाते पान रकान्यात लिहायचा. रकाना रिकामा असला तर ती ओळ अजून खतावलेली नाही, हे कुणालाही बघता क्षणी कळतं. धरणगाव आणि पारोळ्याचंही तसंच. विक्री खात्याला मात्र महिनाभर हात लावायचा नाही. 30 जूनला पुस्तकाची बेरीज मारायची, 51,300, आणि तेवढी एकच रक्कम विक्री खात्यात जमा करायची.

नावेकडे तीन रकमा गेल्या, जमेकडे एक, आणि दोन्ही बाजू 51,300. दुहेरी नोंद कुठेही मोडली नाही. जमेची बाजू महिनाअखेरीस एकदम आली, एवढंच. दुसरी बाजू पुस्तकात लिहायची गरज पडत नाही, कारण त्या पुस्तकातल्या प्रत्येक ओळीची दुसरी बाजू ठरलेलीच आहे.

इथे एक पथ्य आहे, आणि तेच पाळलं जात नाही. विक्री पुस्तकात फक्त व्यापाराच्या मालाची उधार विक्री लिहायची. रोख विक्री रोकड पुस्तकात जाते. दुकानातला जुना वजनकाटा 4,000 रुपयांना उधारीवर विकला तर तीही विक्री पुस्तकात नाही, मुख्य रोजकीर्दीत. काटा चुकून इथे लिहिला तर महिन्याची बेरीज 4,000 नं फुगते, ते विक्री खात्यात जातात आणि नफ्यात दिसू लागतात. काट्याच्या खात्यावरची किंमत मात्र तशीच राहते. पुस्तक एका जातीच्या व्यवहारांचं आहे, म्हणूनच बेरजेवर भरवसा ठेवता येतो.

"तीन ओळींसाठी इतल्या वह्या कसाले?" असं कुणी अहिराणीत विचारलं तर त्याचं बरोबर आहे. तीन व्यवहारांत काहीच वाचत नाही. पण पाईपांच्या हंगामात महिन्याला 120 उधार बीजकं फाडणारं दुकान घ्या. एकाच रोजकीर्दीतून खतावलं तर 120 वेळा गिऱ्हाइकांची खाती आणि 120 वेळा विक्री खातं, म्हणजे 240 खतावण्या. विक्री पुस्तकातून 120 आणि वर एक, म्हणजे 121. शिवाय विक्री खात्याची पानंच्या पानं भरत नाहीत, महिन्याला एक ओळ पडते. आणि एक वही एका वेळी एकाच्याच हातात राहते. वह्या वेगळ्या असल्या की बीजकं फाडणारा विक्री पुस्तक लिहितो आणि गोदामावरचा खरेदी पुस्तक, कुणी कुणाची वाट बघत बसत नाही.

चूक शोधताना याचा आणखी उपयोग होतो. समजा 51,300 च्या जागी बेरीज 50,300 झाली. गिऱ्हाइकांची खाती बरोबर आहेत, विक्री खातं एकटंच हजारानं कमी आहे, म्हणून सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्या ताडून बघणाऱ्या तेरीज पत्रकात जमा बाजू नेमकी 1,000 नं कमी येते. अशी गोल रक्कम एका बाजूला अडकली की जुना मुनीम सहाय्यक पुस्तकांच्या बेरजा आधी पुन्हा मारतो. पण या रचनेला मर्यादाही आहे. एखादं बीजक पुस्तकात चढवायचंच राहिलं तर ते दोन्ही बाजूंना नसतं आणि तेरीज खुशाल जुळते. ते सापडतं फक्त बीजकांच्या क्रमांकात खाडा दिसला की.

परतीचा विषय मात्र वजाबाकीनं संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतो. 20 जूनला धरणगावहून 5 पाईप परत आले, सॉकेटला तडे. अमळनेरच्या दुकानानं जमा चिठ्ठी फाडली, विक्री परत पुस्तकात ओळ लिहिली आणि धरणगावच्या खात्यात रक्कम जमा केली. महिनाअखेरीस त्या पुस्तकाची बेरीज विक्री परत खात्यात नावे पडेल. पण रक्कम किती? पाच पाईप, 600 चा भाव, म्हणजे 3,000, असं घाईत लिहिलं जातं. विकताना 10 टक्के सूट दिली होती, तेव्हा परतीला 2,700 च धरायला हवेत. धरणगावकडून येणं 13,500 वजा 2,700, म्हणजे 10,800. तीन हजार धरले तर 10,500 निघतं आणि दुकानाचे 300 रुपये गेले. तेरीज इथेही जुळते, कारण दोन्हीकडे सारखीच चूक झालेली असते. म्हणून जमा चिठ्ठीवर मूळ बीजकाचा क्रमांक हवाच, आणि चढवण्याआधी ते बीजक उघडून भाव बघायला हवा.

याहून गमतीची चूक दुसरी. माल दुकानात आला, म्हणून कारकून ती ओळ खरेदी पुस्तकात लिहितो. खतावणीत धरणगावच्या खात्यात 2,700 जमा पडतात, तेही अगदी बरोबर. ढोबळ नफाही बिघडत नाही, कारण विक्री 2,700 नं जास्त आणि खरेदीही तेवढीच जास्त. पण विक्रीचा आकडा खोटा, खरेदीचा खोटा, आणि वर्षाअखेरीस कुणी विचारलं की किती माल परत आला, तर उत्तर कुठेच नाही. विक्रीतून थेट वजा करणाऱ्याचंही हेच होतं. त्याचा निव्वळ आकडा बरोबर येतो, पण पाच लाखांवर पाच हजार परत आले की पन्नास हजार, हे त्या आकड्यात बुडून जातं. जीएसटीतही विक्रेत्यानं दिलेली जमा चिठ्ठी मूळ बीजकापासून वेगळी दाखवावी लागते, गुपचूप विक्री घटवून चालत नाही.

आता तेच पाच पाईप पुढे जळगावच्या कारखान्याकडे जायला हवेत. दुकानाची खरेदी 480 रुपये नगानं होती, म्हणून ही परत 2,400 ची. नावे चिठ्ठी करून ती खरेदी परत पुस्तकात लिहायची, कारखान्याच्या खात्यात 2,400 नावे, आणि महिनाअखेरीस बेरीज खरेदी परत खात्यात जमा. एकाच मालाच्या दोन परती, पण माणसं वेगळी, भाव वेगळे, बाजू उलट. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एक गोष्ट लगेच दिसते. विक्री परतीत तडकलेले पाच पाईप आहेत आणि खरेदी परतीत त्यांची ओळच नाही, तर ते पाईप गोदामाच्या कोपऱ्यात पडून आहेत आणि कारखान्याकडचे 2,400 अजून मागितलेलेच नाहीत. पावसाळ्यात असा माल हटकून विसरला जातो.

राहता राहिली टॅली. तिच्याबाबत मेसेज अर्धा खरा आहे. संगणक बीजक चढवतानाच दोन्ही खात्यांत रक्कम टाकतो, त्यामुळे 240 विरुद्ध 121 चा हिशेब तिथे लागू नाही, आणि मासिक बेरजेची चूकही होत नाही. पण विक्रीला F8 आणि खरेदीला F9 अशी वेगळी व्हाउचरं आहेत, नावे-जमा चिठ्ठ्यांची आणखी वेगळी, आणि प्रत्येक जातीचं आपापलं रजिस्टर निघतं. ती विभागणी पुस्तकांचीच. परत आलेला माल F9 नं चढवला तर टॅली हरकत घेत नाही, नोंद खरेदी रजिस्टरमध्ये जाऊन बसते. महिनाअखेरीस जमा चिठ्ठ्यांचं रजिस्टर कोरं दिसलं आणि गोदामात परतीचा माल असला, तर खरेदी रजिस्टरमध्ये गिऱ्हाइकांची नावं शोधा. धरणगाव तिथे सापडेल.