दुसऱ्याच्या टेबलात हात घालून केलेला रिपोर्ट

आज पुन्हा तेच. पर्वरीच्या ऑफिसात मीटिंग होती. चवथ आटोपली की सीझनची तयारी, म्हणून गेस्टहाऊस मालकांच्या महिन्याच्या हिशेबाचा रिपोर्ट नव्याने लिहायचाय. तर एक साहेब म्हणाले, "एवढं काय आहे त्यात? तिन्ही डेटाबेसचं रीड-ओन्ली अ‍ॅक्सेस घ्या, एक जॉइन लिहा, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट तयार." खोलीतल्या अर्ध्या माना डोलल्या. मी बोलायला लागलो तर वेळ संपली म्हणाले. म्हणून इथे लिहितोय.

बुकिंग, पेमेंट आणि प्रॉपर्टी अशा तीन सर्व्हिस, प्रत्येकीचा स्वतःचा डेटाबेस. हे वेगळं कशासाठी केलं? प्रत्येक टीमला आपलं टेबल कुणालाही न विचारता बदलता यावं म्हणून. मागच्या दाराने रिपोर्टवाले ते टेबल वाचायला लागले की तो हक्क संपला. "रीड-ओन्ली आहे, काही मोडणार नाही," हे मला सांगू नका. डेटा मोडत नाही, रिपोर्ट मोडतो, आणि तोही गुपचूप.

माझ्या आधीच्या कंपनीत मांद्र्याच्या एक काकी होत्या. चार खोल्यांचं गेस्टहाऊस, सगळा हिशेब वहीत. त्यांचा करार 15 टक्के कमिशनचा. डिसेंबरातलं एक बुकिंग 12,000 रुपयांचं होतं, म्हणजे 1,800 कंपनीला आणि 10,200 काकींना. 1 जानेवारीपासून नवा करार 18 टक्क्यांचा झाला. डिसेंबरचा रिपोर्ट चालला जानेवारीत, असाच तीन डेटाबेसवर जॉइन लावून. प्रॉपर्टीच्या टेबलात `commission_rate` म्हणून एकच रकाना, त्यात फक्त आजचा दर. रिपोर्टने डिसेंबरच्या बुकिंगला जानेवारीचा दर लावला आणि काकींच्या हातात 9,840 टेकवले. एका बुकिंगमागे 360 रुपये कमी, आणि तो तर नाताळचा महिना, सगळ्या खोल्या भरलेल्या.

काकींनी फोन केला. "बाबा, माझ्या वहीत असं नाही." पलीकडून उत्तर गेलं की सिस्टिममध्ये असंच दिसतंय. मी शेजारच्या खुर्चीत होतो. आजही आठवलं की डोकं तापतं.

यात प्रॉपर्टी टीमचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांना आजचा दर लागतो, तो त्यांनी ठेवला. व्यवहार झाला त्या दिवशी दर काय होता, हे रिपोर्टला लागतं, आणि ते दुसऱ्याच्या आजच्या टेबलात कधीच सापडणार नाही. त्याच सीझनला बुकिंग टीमने `CHECKED_IN` नावाचं नवं स्टेटस आणलं. रिपोर्टची क्वेरी बिचारी `CONFIRMED` शोधत बसलेली. पाहुणे खोलीत उतरले की त्यांचं बुकिंग रिपोर्टमधून गायब! एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. ऐन गर्दीच्या आठवड्यात बेरीज खाली आलेली कुणाच्या तरी डोळ्यांना खटकली म्हणून कळलं.

मग कुणीतरी म्हणणारच, टेबल नको तर एपीआयने विचारा. एका बुकिंगचा स्क्रीन दाखवायचा असेल तर हेच बरोबर, मान्य. पण महिन्याची हजारो बुकिंगं पानापानाने ओढताना, तुम्ही चाळिसाव्या पानावर असता तेव्हा कुणीतरी बुकिंग रद्द करतं. मग बुकिंग रद्द होण्याआधीचं वाचलेलं आणि रिफंड नंतरचा, दोन वेगळ्या क्षणांची बेरीज एकाच ओळीत. शिवाय तिन्ही सर्व्हिसवर ऐन वेळी ताण येतो तो वेगळाच.

सरळ रस्ता असा आहे. रिपोर्टिंगचा स्वतःचा डेटाबेस ठेवा आणि प्रत्येक सर्व्हिसने घडलेली गोष्ट इव्हेंट म्हणून त्याला कळवावी. बुकिंग पक्कं झालं त्या क्षणाची रक्कम, कमिशनचा दर आणि तारीख त्या इव्हेंटमध्येच लिहिलेली असावी, म्हणजे उद्या दर बदलला तरी ती ओळ हलत नाही. जानेवारीत रिफंड दिला तर डिसेंबरच्या ओळीला हात लावायचा नाही, जानेवारीच्या तारखेने वजाबाकीची नवी ओळ घालायची. काकी वहीत नेमकं हेच करायच्या. जुना आकडा त्यांनी कधी खोडला नाही, खाली "परत दिले" म्हणून लिहिलं.

इव्हेंट पाठवण्यातही एक खड्डा आहे, आणि लोक त्यात हमखास पडतात. बुकिंग डेटाबेसमध्ये सेव्ह केलं आणि पुढच्या ओळीत काफ्का या मेसेजच्या रांगेला इव्हेंट पाठवला, तर या दोन ओळींच्या मध्ये सर्व्हिस बंद पडली की बुकिंग आहे पण इव्हेंट नाही. रिपोर्टमध्ये ते कधीच येणार नाही. म्हणून बुकिंगची नोंद आणि त्याच डेटाबेसमधल्या आउटबॉक्स नावाच्या टेबलातली इव्हेंटची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायची. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. मग डेबेझियमसारखं साधन किंवा आपलाच एक छोटा जॉब ते आउटबॉक्स वाचून पुढे पाठवतो. तो मध्येच पडून पुन्हा उठला तर एखादा इव्हेंट दोनदा येतो, तेव्हा प्रत्येकाला `event_id` द्यायचा आणि रिपोर्टिंगकडे तो आधीच असेल तर दुसरा सोडून द्यायचा. हे केलं नाही तर काकींना एकाच बुकिंगचे पैसे दोनदा जातील, आणि पुढच्या महिन्यात ते परत मागायला पुन्हा फोन.

एवढं करूनही रोज रात्री ताळा घ्याच. बुकिंग सर्व्हिसने आपल्याकडचा त्या दिवसाच्या बुकिंगांचा आकडा आणि रकमेची बेरीज कळवावी, रिपोर्टिंगने आपली शेजारी मांडावी. तिकडे 412 आणि इकडे 411 असेल, तर तो एक सापडेपर्यंत त्या दिवसाच्या रिपोर्टवर "तात्पुरता" असा शिक्का राहू दे. मालकाला चुकीचा आकडा ठामपणे सांगण्यापेक्षा एक दिवस थांबा म्हणणं कितीतरी बरं.

हो, रिपोर्ट थोडा मागे धावतो, कधी काही सेकंद, कधी मिनिटं. डेटा दोन ठिकाणी राहतो. पाच माणसांच्या कंपनीला हा खटाटोप परवडणार नाही हेही खरं, पण मग त्यांनी सर्व्हिस फोडूच नयेत, एका डेटाबेसमध्ये सुखाने राहावं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या साहेबांवर प्रॉपर्टी मालकांचा आणि वरिष्ठांचा दबाव आहे, तेही दिसतंय मला. त्यांना संध्याकाळपर्यंत काहीतरी दाखवायचंय. पण त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इव्हेंट सुरू होण्याआधीचा इतिहास नंतर मागून मिळत नाही. काकींचा 15 टक्क्यांचा दर शोधायला गेलो तेव्हा तो एकाही डेटाबेसमध्ये उरला नव्हता. शेवटी त्यांच्या कपाटातल्या सहीच्या कागदावर मिळाला, आणि त्या कागदावरून राहिलेले पैसे त्यांना दिले गेले. आपल्याकडे सध्या दर फक्त आजचाच साठतोय. रिपोर्ट कधी का लिहा, पण बुकिंगच्या नोंदीत दर उतरवून ठेवायचं काम या आठवड्यात व्हायला हवं, सीझनचं पहिलं बुकिंग पडायच्या आधी. उद्या सकाळी साहेबांकडे एवढंच मागणार आहे.