रेटिंग गेलं, पगारवाढ कशावर?

आज एचआरचा मेल आला. एप्रिलपासून वार्षिक रेटिंग बंद. त्याऐवजी दर महिन्याला मॅनेजरबरोबर अर्धा तास वन-ऑन-वन, आणि बोलणं झालं की सिस्टिममध्ये दोन ओळींची नोंद. सुरुवातीला वाचून फार बरं वाटलं. शेवटपर्यंत पोचले आणि डोकं फिरलं.

बरं का वाटलं, तर माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीमुळे. जुलैमधल्या एका क्लायंट कॉलवर ती जरा जास्तच तपशिलात शिरली, क्लायंट वैतागला. तेव्हा तिला कोणी चकार शब्द बोललं नाही. मार्चमध्ये मॅनेजरने फॉर्म उघडून वाचून दाखवलं, 'कम्युनिकेशनमध्ये सुधारणा हवी.' आठ महिने! ऑगस्टमध्येच सांगितलं असतं, तर पुढच्या कॉलला तिने बदल केला नसता का? वर ऐकवलं काय, तर 'तुझं काम चांगलंय गं, पण कर्व्हमध्ये बसवावं लागतं.'

मॅनेजर लोकांची कुरकूर सुरू झालीच आहे, वेळ कुठून आणायचा म्हणून. दहा जणांची टीम म्हणजे महिन्याला पाच तास, हे मान्य. पण मार्चमध्ये फॉर्म आणि कॅलिब्रेशनच्या मीटिंगांत आठवडेच्या आठवडे जातात, तेव्हा कोणी बोलत नाही.

आमच्या लोकांची भीती वेगळी आहे. दर महिन्याची नोंद म्हणजे दर महिन्याचं अप्रेझल. मेलमध्ये त्यावर एकच वाक्य आहे, 'नोंदी केवळ विकासासाठी आहेत.' त्या वाचणार कोण, किती वर्षं राहणार, बदली झाली की नव्या मॅनेजरला दिसणार का? काहीच नाही. अशाने माणूस आपली अडचण मोकळेपणाने सांगेल कशाला?

आणि खरा मुद्दा, पगारवाढ. त्यावर अख्ख्या मेलमध्ये अक्षर नाही. आकडा काढून टाकला तरी पैसे कोणत्या तरी क्रमानेच वाटावे लागतात. मग मॅनेजर स्वतःच्या एक्सेलमध्ये गुपचूप आकडे मांडतो. जुनं रेटिंग निदान डोळ्यांना दिसायचं, त्यावर भांडता यायचं. अडोबीने 2012 मध्ये रेटिंग बंद केलं, तेव्हा पगारवाढीचं बजेट मॅनेजरच्या हाती दिलं आणि वाटपाचा निर्णयही त्याच्यावर सोडला. ती पद्धत सगळीकडे चालेल असं नाही, मॅनेजरच्या मर्जीतल्यांचं फावू शकतं. पण निर्णय कोणाचा, हे तरी लोकांना ठाऊक होतं.

माझ्या त्या मैत्रिणीला पुढच्या मार्चमध्ये आकडा मिळणार नाही. पगारवाढ कमी आली, तर तिने कोणाकडे जायचं? तिच्या बारा नोंदी चांगल्या असतील, तर त्या दाखवून दाद मागता येईल का?

मेल लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, हे मला दिसतंय. महिन्याचा तो अर्धा तास मला मनापासून हवा आहे. म्हणूनच शुक्रवारच्या टाऊनहॉलमध्ये मी उभी राहून विचारणार आहे, पगारवाढ कोण ठरवणार, कशावरून, आणि ते आम्हाला लेखी कधी मिळणार. तिथे असाल तर हात वर करा, एकटीचा प्रश्न म्हणून बाजूला सारतील.