k गेला कुठे?

खर्च आणि सरप्लसवरच्या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया: «मार्जिनल कॉस्टचं इंटिग्रेशन करून टोटल कॉस्ट काढलीत आणि शेवटी इंटिग्रेशनचा स्थिरांक k म्हणून १५०० रुपये हळूच चिकटवलेत. मग क्षेत्रफळातून पूर्ण खर्च मिळतो, हे खोटंच ना? शिवाय सरप्लस काढताना तो k गायब! सोयीचं गणित आहे हे.»

चिकटवलेत खरे, पण हळूच नाही. मागच्या वेळच्या लालबागच्या डंकाचंच, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गाळ्याचंच, उदाहरण पुढे नेतो (आकडे माझ्या मनाचे). सीमांत खर्च, म्हणजेच मार्जिनल कॉस्ट किंवा MC, फक्त पुढचा किलो मसाला कुटायला किती लागेल, एवढंच सांगतो. गाळ्याचं भाडं एकही किलो कुटला नाही तरी द्यावंच लागतं, त्यामुळे त्याची खबर त्या वक्राला नसते. MC = 30 + 0.2x धरला तर शून्यापासून १०० किलोपर्यंतचं क्षेत्रफळ ४००० रुपये येतं. हा निव्वळ बदलता खर्च. रोजचा स्थिर खर्च १५०० असल्याचं मालकाच्या वहीतूनच कळणार, मग एकूण ५५००.

तुमच्या शंकेपेक्षा मोठा घोळ मला दुसरीकडे दिसतो. «k म्हणजे स्थिर खर्च» असं मुलं पाठ करतात, आणि बहुपदी असेपर्यंत ते खपूनही जातं. आता MC = 20e^(0.01x) घ्या. संकलन 2000e^(0.01x) + k. x = 0 ठेवलं की पहिलं पद शून्य होत नाही, २००० उरतं. स्थिर खर्च १५०० हवा, म्हणून k = −५००. इथे k च्या जागी १५०० लिहिणाऱ्याचा खर्च सरसकट २००० रुपयांनी फुगतो. उत्तरात x = 0 घालून बघा: ३५०० आले की समजा, चोर सापडला.

सरप्लस किंवा आधिक्य म्हणजे गिऱ्हाईक जास्तीत जास्त जेवढं द्यायला तयार असतं आणि प्रत्यक्षात जेवढं देतं, यातला फरक. तो काढताना k गायब होतो, कारण तिथे आपण दोन टोकांमधला फरक घेतो आणि वजाबाकीत तो कटतो. मागणी p = 110 − 0.5x, दर ६० रुपये, म्हणजे १०० किलो. वक्राखालचं क्षेत्रफळ ८५००, गिऱ्हाइकांनी दिले ६०००, आधिक्य २५००.

पण तुम्ही टोचायला हवं होतं ते या २५०० ला. ११० रुपये दराने कुटून घेणारं गिऱ्हाईक कोणी पाहिलंय? रेषेचं वरचं टोक आपण अंदाजाने ताणलेलं असतं आणि सगळं आधिक्य त्यावर उभं राहतं. त्यापेक्षा फरक भरवशाचा. दर ६० चा ७० झाला तर मागणी ८० किलोवर येते आणि दोन्ही दरांमधल्या पट्टीचं क्षेत्रफळ 10 × (80 + 100)/2 = ९०० रुपये. गिऱ्हाइकांचं एवढं नुकसान. त्यात ११० चा संबंधच येत नाही. वरची रेषा वाकडी निघाली तरी ९०० तसेच राहतात, फक्त ६० ते ७० या टप्प्यातली मागणी नीट मोजलेली हवी.