कृपया प्रसिद्धी द्यावी, ही विनंती

जेजुरीत राहणाऱ्या माणसाला यात्रेचं वेळापत्रक कुणी सांगावं लागत नाही. गडावर बंदुकीच्या फैरी झडल्या की पालखी निघाली, एवढं शेंबडं पोरही जाणतं. पण सोमवती अमावास्या जवळ आली की आमच्या अन्नदान मंडळाला वर्तमानपत्रात बातमी द्यायची हुक्की येते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे, त्यामुळे अध्यक्ष अण्णा थेट घरी येतात, चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहतात आणि म्हणतात, “मास्तर, चार ओळी टाका की. तुमच्या हातचा मळ तो.”

त्या मळातून २०२३ च्या दिवाळीत काय निघालं, ते सांगतो.

सोमवारी अमावास्या आली की सोमवती. त्या दिवशी खंडोबा आणि म्हाळसेच्या उत्सवमूर्ती पालखीत बसून गड उतरतात, धालेवाडीच्या अंगाला कऱ्हेवर जातात, तिथे स्नान होतं आणि पालखी माघारी गडावर येते. त्या वर्षी तीन सोमवत्या होत्या. २० फेब्रुवारी, १७ जुलै आणि १३ नोव्हेंबर. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. जुलैची प्रेसनोट आहेच, तारीख बदला आणि धाडून द्या. लग्नपत्रिका छापणाऱ्यालाही एवढा आळस शोभत नाही, असं मी मनात म्हणालो. मोठ्याने म्हणालो, “अण्णा, अमावास्या दर वेळी वेगळ्या घटकेला लागते.”

“लागू द्या. देव तोच आहे ना?”

देव तोच असला तरी तिथीचं घड्याळ वेगळं असतं. जुलैत अमावास्या रविवारी रात्री लागून सोमवारचा अख्खा दिवस पुरून उरली होती. पालखी सकाळी काढा, दुपारी काढा, पर्वकाळ हलत नव्हता. नोव्हेंबरात ती रविवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास लागणार आणि सोमवारी दुपारी तीनच्या आत संपणार. म्हणजे कऱ्हास्नान त्याआधी उरकायला हवं, आणि गडापासून नदीपर्यंतची वाट भाविकांच्या गर्दीतून पालखीला तासाभरात काही सरत नाही. जुलैचा कागद तसाच गेला असता आणि त्यात वेळ दुपारची असती, तर मुंबईहून निघालेलं कुटुंब भर दुपारी नदीवर पोचून मोकळ्या घाटावर भंडारा उधळत बसलं असतं. तेव्हा खांदेकरी, मानकरी आणि ग्रामस्थांच्या बैठकीत वेळ ठरेपर्यंत मी कागदाला हात लावणार नाही, असं सांगितलं. अण्णा म्हणाले, “तोवर नावं तरी लिहून घ्या.”

नावं! प्रेसनोट म्हणजे नावं, अशी आमच्या मंडळाची ठाम समजूत आहे. यादी अण्णांच्या वहीत तयार होती. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, खजिनदार, ‘मार्गदर्शक’ या पदावरचे पाच जण आणि आचारी. प्रत्येकाच्या आधी ‘मा. श्री.’ आणि नंतर कंसात लाडकं नाव. एवढ्या नावांना जागा द्यायची तर देवाला दुसऱ्या पानावर बसवावं लागलं असतं.

त्या जुन्या नोटेची सुरुवात मला पाठ आहे. ‘अखंड महाराष्ट्राचे कुलदैवत, लक्ष लक्ष भाविकांचे श्रद्धास्थान, सुवर्णनगरी जेजुरीच्या पावन भूमीत येळकोटाच्या गजरात न भूतो न भविष्यति अशा उत्साहात…’ क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याची एस.टी. चुकते. शिवाय उत्सव अजून व्हायचा आहे. जे घडलेलंच नाही ते न भूतो कसं, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. ‘मास्तर, तुम्ही फार खोलात जाता.’ गर्दीचंही तेच. अण्णांना ‘दहा लाख भाविक उपस्थित’ हवे होते, यात्रेच्या सहा दिवस आधी.

आमचा भाग पाहणारा वार्ताहर भला माणूस आहे. त्याने मला एकदा चहा पिता पिता धंद्याचं मर्म सांगितलं होतं. पानावर जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. वाचत बसून निवडायला त्याला सवड नसते. म्हणून जे राहायलाच हवं ते पहिल्या दोन वाक्यांत, आणि जे उडालं तरी चालेल ते शेवटी. आमच्या नोटेत विशेषणं वर, मग नावं, आणि तळाशी ‘वाहतुकीत बदल करण्यात आला आहे, याची नोंद घ्यावी’ एवढी एकच ओळ. कोणता बदल, कुठून कुठे, काही नाही. तीही दर वेळी कापली जायची, आणि खरं सांगायचं तर कापल्याने कुणाचं नुकसान होत नव्हतं.

या वेळी मी उलटं मांडायचं ठरवलं. पहिल्या वाक्यात वार, तारीख, पालखी गडावरून निघण्याची वेळ आणि स्नानाची वेळ. दुसऱ्या वाक्यात रस्ता. इथेच अण्णांशी पहिली झटापट झाली, कारण रस्ता त्यांना स्वतःच वळवायचा होता.

“लिहा, जड गाड्या आपण सासवडवरनंच वळवल्यात.”

“आपण कोण अण्णा? आपण पिठलं-भाकरी वाढणारी माणसं.”

वाहनं बंद करायचा किंवा वळवायचा अधिकार मंडळाला नसतो, तो प्रशासनाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये एक गोष्ट मला फार आवडते. बंदी महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, पण स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी द्या, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे आमच्या चार ओळींना चक्क कायद्याच्या पुस्तकात पाट मांडलेला आहे. पण आधी आदेश हवा. तो निघाल्यावर त्यातले रस्ते आणि वेळा जशाच्या तशा उतरवायच्या, आपल्या पदरचं घालायचं नाही. हे ऐकून अण्णा दुखावले. कलम त्यांना पटलं, ‘पदरचं घालायचं नाही’ हे पटलं नाही.

मग रस्ता सांगायचा कसा, हा वाद. खजिनदारांचा मजकूर असा होता : ‘जड वाहनांनी जुन्या नाक्याच्या अलीकडं, पाटलांच्या विहिरीपाशी उजवीकडं वळावं.’ विहीर पाटलांची आहे, हे गावाबाहेर फक्त पाटलांच्या पाहुण्यांना माहीत. आणि ट्रकवाला जेजुरीच्या नाक्यापर्यंत पोचला म्हणजे सगळं संपलंच, वळायची जागा कोसांवर मागे राहिली. पुण्याहून लोणंद-फलटणला जाणाऱ्याने सासवडलाच ठरवायला हवं की जेजुरीचा नाद सोडून वीरमार्गे जायचं. बारामतीहून पुण्याला निघालेल्याने मोरगावलाच सुप्याकडे वळायचं आणि चौफुल्याला सोलापूर रस्ता धरायचा. यात्रेच्या दिवसांतला हा इकडचा नेहमीचा बदल. तेव्हा वाक्य गाडीवाल्याच्या बाजूने सुरू व्हायला हवं : कुठून आलात, कुठे चाललात, कुठल्या गावात वळायचं. विहीर त्यात कुठेच येत नाही. खजिनदार अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

याहून मोठा घोळ ‘रात्री बारा’चा. वाहतूक ‘सोमवारी रात्री बारापासून’ बंद, असं कुणी लिहिलं की अर्धी दुनिया रविवारची रात्र समजते आणि अर्धी सोमवारची. दोन्ही अर्ध्या मग आपापल्या टेम्पोसह एकाच चौकात भेटतात. मी लिहिलं, ‘रविवारी (ता. १२) मध्यरात्रीपासून सोमवारी (ता. १३) रात्रीपर्यंत’. अण्णांनी विचारलं, दोन-दोन तारखा कशाला, पंचांगात एकच आहे. मी त्यांना पंचांग दाखवलं. त्यात तीन होत्या, पण तो वेगळा विषय.

आता खरी मेख. ही बातमी आमच्या तालुक्याच्या पानावर छापून येते. ते पान पुरंदर तालुक्यात वाचलं जातं. म्हणजे रस्ता बंद आहे हे ज्यांना घराच्या ओट्यावरून दिसतं, त्यांनाच आम्ही दर वेळी कळवत होतो. ज्याला खरंच कळायला हवं तो बारामतीत भाजीचा टेम्पो भरत असतो, नाहीतर फलटणला कांदा. त्याच्या हातातलं पान निराळं. म्हणून मी एकाच नोटेच्या तीन प्रती केल्या, पुण्यासाठी, बारामतीसाठी आणि फलटणच्या बाजूसाठी, प्रत्येकीत दुसरं वाक्य त्या बाजूच्या रस्त्याचं. अण्णांना हे एकदम आवडलं. “म्हणजे नावं तीन ठिकाणी येणार!”

आणि दिवस? लक्ष्मीपूजन रविवारी. त्या दिवशी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांना सुट्टी, म्हणजे सोमवारी अंकच नाही. ऐन यात्रेच्या सकाळी बातमी वाचायला मिळेल या हिशेबाने आम्ही रविवारी दुपारी पाठवली असती, तर ती थेट पाडव्याला उगवली असती. रविवारच्या अंकात हवी तर शनिवारी दुपारच्या आत पोचली पाहिजे. शुक्रवारी रात्री मी ती टाईप करायला पुतण्याकडे दिली. त्याने आपल्या आवडत्या जुन्या फॉन्टात सुंदर बसवून पाठवली आणि वार्ताहराकडे ती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरच्या खुणा होऊन उघडली. “मास्तर, हे मोडीत आहे का?” त्याचा फोन आला. शेवटी युनिकोडमध्ये मोबाइलवर मीच एका बोटाने लिहिली. एका बोटाने लिहिण्याचा फायदा असा की विशेषणं आपोआप गळतात.

शेवटचा परिच्छेद मात्र मी अण्णांना दिला. सगळी नावं, मा. श्री.सकट, आचाऱ्यासह. त्यांनी ती मोजली, समाधानाने मान हलवली आणि स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, ‘कृपया प्रसिद्धी द्यावी, ही विनंती.’

रविवारी बातमी आली, तिन्ही ठिकाणी आली. एका बोटाएवढी. तारीख, वेळ, सासवड, वीर, मोरगाव, सुपे, चौफुला, मध्यरात्र, सगळं जागच्या जागी. चौफुल्यानंतर पूर्णविराम आणि त्याखाली लगेच फटाक्यांच्या दुकानाची जाहिरात. उपसंपादकाने खालून कापलं होतं, सांगितल्याप्रमाणे.

अण्णा चपला घालूनच आत आले. पेपर तीनदा उलटासुलटा केला, जाहिरातीच्या मागेही बघितलं. मग वार्ताहराला फोन लावून ते माझ्या अंगणात बराच वेळ फेऱ्या मारत बोलत राहिले. सोमवारी यात्रा झाली. आमच्या मांडवात पिठलं कमी पडलं नाही. मंगळवारी पाडव्याचा अंक आला. तालुक्याच्या पानावर वरच्या बाजूला, अण्णांच्या फेट्यातल्या फोटोसह दोन कॉलमांत मजकूर होता : ‘रविवारच्या अंकातील सोमवती यात्रेच्या वृत्तात पुढील मान्यवरांची नावे नजरचुकीने राहून गेली…’

आचाऱ्याचं तेवढं पुन्हा राहिलं.