‘आत्याने फणस कापला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

«बाई, तुमच्या काळाच्या सरावातली उत्तरं मुलांना गोंधळात टाकतात. ‘आत्या फणस कापते’ याचा भूतकाळ माझ्या मुलीने ‘आत्या फणस कापली’ असा केला. तुमचं उत्तर ‘आत्याने फणस कापला’. प्रश्न काळ बदलण्याचा होता, प्रयोग बदलायला कोणी सांगितलं होतं? आत्या बाईमाणूस असताना ‘कापला’ कसं? आणि पुढच्याच वाक्यात ‘आत्या साडी नेसली’, तिथे मात्र ‘ने’ नाही. एकच नियम ठेवा, नाहीतर हा सराव काढून टाका.»

तुमच्या मुलीने केलेली चूक विचार करणाऱ्या मुलाची आहे. ‘आत्या आली’, ‘आत्या बसली’, मग ‘आत्या कापली’. तिने नियम लावला, फक्त तो सगळीकडे चालेल असं धरलं. आणि तुमचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: ‘नेसली’ हे वाक्य काहीही न सांगता ‘कापला’च्या लगेच खाली ठेवायला नको होतं. पण सराव मी काढणार नाही.

‘आत्याने’ हे भूतकाळामुळे आलेलं नाही. ‘आत्या फणस कापत होती’ हाही भूतकाळच, पण तिथे ‘ने’ नाही आणि ‘होती’ आत्याप्रमाणेच आहे. ‘आत्या दर मे महिन्यात फणस कापायची’, इथेही तसंच. उलट ‘आत्याने फणस कापला आहे’ हा वर्तमानकाळ, पूर्ण वर्तमान, आणि तिथे ‘ने’ आहे. म्हणजे भानगड काळाची नाही, क्रियापदाला लागलेल्या ‘ल’ची आहे. कापला, कापली, कापलं या रूपांची मुळं संस्कृतातल्या ‘रामेण फलं खादितम्’ अशा रचनेत आहेत. तिथे करणारा तृतीयेत जातो आणि क्रिया फळाशी जुळते. मराठीने ती जुळणी आजवर सांभाळली आहे. म्हणून सकर्मक क्रियापदाचं ल-रूप आलं की प्रयोग आपोआप कर्मणी होतो. मराठीत तो न बदलता ते वाक्य साध्या भूतकाळात नेताच येत नाही.

मुलीला हे पटवायचं तर घरी एवढं करून बघा. आत्या तशीच ठेवा आणि फक्त कापायची वस्तू बदला: आत्याने फणस कापला, आत्याने काकडी कापली, आत्याने कलिंगड कापलं. आता वस्तू फणसच ठेवा आणि माणसं बदला: काकांनी फणस कापला, मुलींनी फणस कापला. क्रियापद फणसाला धरून आहे, माणूस कोण याने त्याला काही फरक पडत नाही. हीच परीक्षा ‘नेसली’ला लावा. आत्या साडी नेसली, आत्या लुगडं नेसली, आत्या नऊवारी नेसली. वस्तू बदलली तरी ‘नेसली’ हललं नाही, आणि आजोबा धोतर नेसले म्हटल्यावर मात्र लगेच हललं. म्हणजे हे क्रियापद माणसाला धरून आहे.

अशी क्रियापदं थोडीच आहेत: नेसणे, शिकणे, विसरणे, बोलणे. ‘मुलगी पाढे शिकली’, ‘काका छत्री विसरले’. कर्म असूनही ती ‘ने’ घेत नाहीत. याला नियम नाही, ती ओळखीची करून घ्यावी लागतात. ‘पिणे’ दोन्हीकडे जातं, ‘ती दूध प्याली’ आणि ‘तिने दूध प्यायलं’ दोन्ही बरोबर, त्यामुळे ते मी परीक्षेत विचारत नाही. ‘म्हणणे’ मात्र मी मुद्दाम विचारते. ‘आत्या म्हणाली, पाऊस येणार’ इथे ‘म्हणाली’, पण गणपतीत ‘आत्याने आरती म्हटली’. बोलणं सांगायचं असेल तर ‘म्हणाली’, आरती किंवा कविता हे कर्म असेल तर ‘म्हटली’. हा फरक मुलं घरी रोज बिनचूक करतात, वहीत आल्यावर अडखळतात.

‘मी’ आणि ‘तू’ यांच्यामुळे गोंधळ आणखी वाढतो, कारण त्यांना ‘ने’ दिसत नाही. ‘मी फणस कापला’ यातला ‘मी’ तृतीयेतलाच आहे. जुन्या मराठीत तिथे ‘म्या’ यायचं. मुलगा बोलो वा मुलगी, ‘मी फणस कापला’ आणि ‘मी काकडी कापली’ हेच राहतं. ‘तू’ असेल तर क्रियापद फणसाशी जुळतं आणि वर ‘तू’चा ‘स’ घेतं: ‘तू फणस कापलास’, ‘तू काकडी कापलीस’.

आता साहाय्यक क्रियापद. खऱ्या चुका इथेच होतात, आणि आमच्या दापोलीकडच्या वह्यांमध्ये एक चूक हमखास सापडते. वाक्य असतं ‘नाना जाळं ओढतात’, त्याचा पूर्ण वर्तमानकाळ करायचा. एका मुलीने लिहिलं, ‘नानांनी जाळं ओढलं आहेत.’ तिचे वडील हर्णै बंदरातल्या होडीवर जातात, घरात आजोबांना सगळे अहोजाहो करतात, त्यामुळे ‘नाना’ म्हटलं की ‘आहेत’ तिच्या हातून आपसूक उतरतं. ‘नाना आले आहेत’ यात ते बरोबरच आहे. मी तिला काही न सांगता वाक्यातलं ‘नानांनी’ बोटाने झाकलं आणि उरलेलं वाचायला सांगितलं. ‘जाळं ओढलं आहेत’ वाचताना ती स्वतःच थांबली आणि ‘आहे’ केलं. मग मी दुसरं जाळं जोडलं, तेव्हा तिने ‘जाळी ओढली आहेत’ केलं. आदर ‘नानांनी’ या रूपात आला, साहाय्यक क्रियापद जाळ्याचं झालं.

हेच भूत आणि भविष्यात चालतं: जाळं ओढलं होतं, जाळी ओढली होती, जाळं ओढलं असेल, जाळी ओढली असतील. याच कारणाने ‘मी फणस कापला असेन’ मी चूक धरते. ‘असेन’ माझं आहे, ‘असेल’ फणसाचं, आणि ल-रूपाने वाक्य फणसाकडे सोपवलेलं आहे. म्हणून ‘कापला असेल’. ‘मी तोवर गुहागरला पोचले असेन’ इथे कर्मच नाही, तिथे ‘असेन’ योग्य. ‘मी फणस कापत असेन’ यातही ल-रूप नाही, म्हणून तेही बरोबर.

एक अडचण राहते. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद त्याचंही ऐकत नाही. ‘आजीने गाय बांधली’, पण ‘आजीने गाईला बांधलं’. आजी आणि गाय दोघीही स्त्रीलिंगी असून रूप नपुंसकलिंगी एकवचनीच. दहा गाईंना बांधलं तरी ‘बांधलं’च, आणि साहाय्यक ‘आहे’, ‘आहेत’ नव्हे. म्हणून सरावाची वाक्यं निवडताना कर्माला ‘ला’ आहे का, हे आधी बघावं लागतं.

तुमच्या सांगण्यावरून मी सराव असा बदलला आहे. पहिल्या भागात फक्त अपूर्ण काळ: कापत आहे, कापत होती, कापत असेल. तिथे ‘ने’ येतच नाही आणि तुमच्या मुलीचा नियम पुरतो. दुसऱ्या भागात ल-रूपं, प्रत्येक वाक्याखाली ‘काय कापलं?’ हा प्रश्न, आणि त्याच्या उत्तराखाली रेघ मारायची. रेघ मारलेल्या शब्दाप्रमाणेच क्रियापद आणि साहाय्यक लिहायचं. ‘नेसली’, ‘शिकली’, ‘विसरले’ ही वाक्यं आता शेवटच्या भागात वेगळ्या चौकटीत आहेत, आणि ‘गाईला बांधलं’ मी पुढच्या इयत्तेसाठी ठेवलं आहे. मुलीला दुसरा भाग सोडवायला द्या. ‘आत्याने आमसुलं वाळवली आहेत’ या वाक्यात ती ‘वाळवलं आहे’ लिहिते का, एवढं बघा. ‘आमसुलं’ हे अनेकवचन आहे, ‘जाळं’सारखं दिसत असलं तरी. तिथे अडली तर मला कळवा.